आधण आल्यानंतर

"पावसाळा लागला की आम्ही पाणी उकळूनच पितो. सासूबाई वीस मिनिटं उकळायला लावतात, त्यात गॅस भराभर संपतो, आणि एवढं करूनही जुलैत धाकट्याला दोनदा जुलाब झाले. मग उकळायचं तरी कशाला? किती वेळ उकळायचं आणि आमचं चुकतंय कुठे?" – एक श्रोती, पुणे

नमस्कार. मी पुण्यात वस्त्यांमधून फिरणारी नर्स आहे. लोक मला सिस्टर म्हणतात, म्हाताऱ्या बायका पोरी म्हणतात, आणि लहान मुलं मला पाहिलं की दंड लपवतात.

ताई, आधी गॅसचं बोलू, ते लवकर मिटेल. वीस मिनिटांची गरज नाही. खळखळून उकळी फुटली की घड्याळात एक मिनिट मोजा आणि गॅस बंद करा.

सासूबाईंना हे पटणार नाही, मलाही पटायला वेळ लागला होता. नर्सिंगला असताना आमच्याकडूनही वीस मिनिटंच घोकून घेतली होती. पूर्वी दवाखान्यात काचेच्या सिरिंजा उकळायच्या, तिथून ही वीस मिनिटं घराघरात आली असावीत असं मला वाटतं. पण सुई उकळणं वेगळं आणि प्यायचं पाणी उकळणं वेगळं. पाण्यातून जुलाब, कॉलरा, टायफॉइड देणारे जंतू उकळी फुटायच्या बरेच आधी मरतात. सत्तर अंशांच्या वर ते मिनिटभरसुद्धा तग धरत नाहीत. पाण्यातून होणाऱ्या काविळीचा एक विषाणू जरा चिवट आहे, त्याला पंच्याऐंशी अंश लागतात. पण दहा लिटरचं पातेलं सत्तरवरून उकळीपर्यंत जायलाच काही मिनिटं घेतं, आणि तेवढ्यात काम झालेलं असतं. मग उकळीपर्यंत का थांबायचं? कारण आपल्या ओट्यावर थर्मामीटर नसतो. पाणी पुरेसं तापलं हे डोळ्यांना सांगणारी एकच खूण आहे, ती म्हणजे उकळी. वरचं एक मिनिट आपल्या खात्रीसाठी.

उंचीवर पाणी लवकर उकळतं म्हणून जास्त वेळ ठेवावं लागतं, असंही काही जण विचारतात. खरं आहे, पुण्यात पाणी शंभरला नाही, साधारण अठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं. पण एकाऐवजी तीन मिनिटं उकळायचा सल्ला दोन हजार मीटरच्या वर राहणाऱ्यांसाठी आहे. आपलं कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे महाराष्ट्रात कुठंही राहा, एक मिनिट पुरतं.

आता हिशोब. दहा लिटर पाण्याला उकळी आणायला साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम गॅस जातो, तोही पातेल्यावर झाकण असेल तर. रोज एकदा म्हटलं तर महिन्याला साडेतीन किलोच्या आसपास. सिलिंडर 14.2 किलोचा, म्हणजे त्यातला पाव हिस्सा. हा खर्च थोडा नाही, मी तो हसण्यावारी नेत नाही. पण उकळी फुटल्यावर मोठ्या आचेवर आणखी वीस मिनिटं ठेवलं, तर त्याच्या निम्मा गॅस पुन्हा जातो आणि पाण्याची नुसती वाफ होते. या वीस मिनिटांनी एक वेगळंच नुकसान केलंय. "एवढा गॅस कुठून आणू" म्हणून बायका फक्त लहान मुलापुरतं तांब्याभर उकळतात आणि बाकीचं घर नळाचं पाणी पितं. मग ते मूल ताईच्या पेल्यातलं पाणी पितंच की.

उकळी नक्की कशाला म्हणायचं, ते आता ऐकवते.

(इथे स्वयंपाकघरात ध्वनिमुद्रित केलेला आवाज: पाणी तापत असताना)

हा सूंऽऽ असा आवाज ऐकला? आपण म्हणतो, पाणी गायला लागलं. तळाशी बारीक बुडबुडे उठतात, वरच्या गार पाण्यात येऊन फुटतात, त्याचा हा आवाज. पुष्कळ जणी इथेच गॅस बंद करतात, कारण वाफ दिसते आणि कडेला बुडबुडे दिसतात. पण आधण अजून आलेलं नाही. थोडं थांबा.

(आवाज पुढे चालू: गाणं कमी होऊन खदखद सुरू)

आता गाणं थांबलं आणि खदखद सुरू झाली. मोठे बुडबुडे तळापासून वर येताहेत, ढवळलं तरी थांबत नाहीत. हे आधण. इथून एक मिनिट.

तर वेळेचं झालं. पण धाकट्याच्या जुलाबाचं कारण वेळेत असेल असं मला वाटत नाही. तुमच्याकडे वीस मिनिटं उकळतात, त्यात कोण जगणार? पाणी उकळल्यानंतर काय होतं ते बघायला हवं. अगदी तुमच्यासारखंच एक घर मी पाहिलंय, त्याची गोष्ट सांगते.

पर्वतीच्या उतारावरची वस्ती. घरात आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. धाकटी चार वर्षांची, एका पावसाळ्यात तिसऱ्यांदा जुलाब. सून मला म्हणाली, "सिस्टर, मी रोज उकळते, खोटं नाही बोलत." आणि ती खरंच खोटं बोलत नव्हती. सकाळी सात वाजता गेले तेव्हा शेगडीवर पातेलं खदखदत होतं.

माझ्या पिशवीत पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या असतात. एचटूएस बाटली म्हणतात. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं आणि उबदार जागी ठेवून द्यायचं. पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असतील तर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं. मी तीन बाटल्या भरल्या. एक नळाच्या पाण्याची. एक पातेल्यातलं उकळलेलं पाणी झाकणाखालीच निवल्यावर, त्यातली. आणि तिसरी माठातली, म्हणजे घरातले लोक पेल्यात घेऊन पितात त्या पाण्याची. पावसाळी हवेत घर गार असतं म्हणून तिन्ही बाटल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या मागे, उबेला ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले. नळाची बाटली काळी. पातेल्याची जशीच्या तशी. माठाची काळी.

आजी बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अगं, पण पातेल्यातलंच तर माठात ओतलं!"

तेव्हा मी सुनेला म्हटलं, "उद्या मला काही सांगू नका, रोज करता तसं करा. मी नुसती बसते." ती गॅस बंद करून पाणी थोडं निवू देते, इथवर ठीक. झाकण उचललं आणि उताणं न ठेवता पालथं ओट्यावर ठेवलं, जिथे जरा आधी भाजी चिरली होती. आतली बाजू ओट्याला टेकली. मग खुंटीवरचं फडकं माठाच्या तोंडावर बांधलं आणि पाणी त्यातून गाळत ओतलं. "गाळता कशाला?" म्हटलं. तर म्हणाली, उकळल्यावर तळाशी साका राहतो. त्यांच्याकडे पावसाळ्यात नळाला गढूळ येतं, शिवाय टँकरचं पाणी जड, त्याची पांढरी भुकटी खाली बसते. ते दिसतं म्हणून गाळायचं. आणि ते फडकं? पावसाळ्यात आठ-आठ दिवस न वाळलेलं, हात पुसायलाही तेच. निर्जंतुक केलेलं पाणी आपण त्या ओल्या फडक्यातून पुन्हा जंतूंच्या घरी पाठवत होतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. पाणी अजून कोमट होतं, धाकटीला प्यायला हवं होतं. आजी उठल्या, नळाच्या हंड्यातून एक तांब्या गार पाणी घेतलं आणि माठात मिसळलं. "लेकराला गरम कसं द्यायचं?" मायेनं केलेलं, पण त्या तांब्याने दहा लिटर उकळलेलं पाणी पुन्हा नळाचं झालं. शेवटी मोठा नातू शाळेतून आला, पेला हातात घेतला आणि बोटांसकट माठात बुडवला.

तुमच्या घरी यातलं काय काय होतं ते मला माहीत नाही, ताई. पण एक दिवस नुसतं बसून बघा. उकळलेल्या पाण्याला पुढचं काहीच संरक्षण नसतं. क्लोरीन घातलेल्या पाण्यात थोडं क्लोरीन उरतं, ते नंतर पडलेल्या जंतूंनाही मारतं. उकळण्याचं तसं नाही. गॅस बंद केला त्या क्षणी पाणी जितकं स्वच्छ होतं, तितकं ते पुन्हा कधीच होत नाही.

त्या घरात आम्ही काय बदललं ते सांगते. फार काही नवं आणलं नाही.

गाळणं उकळण्याच्या आधी घेतलं. पाणी गढूळ आलं की आधी बादलीत तुरटी दोन-तीनदा फिरवायची, जास्त नको, पाणी तुरट लागतं. अर्धा-पाऊण तास न हलवता ठेवायचं. गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी सुती कापडाच्या चार घड्यांतून पातेल्यात गाळायचं. कापड त्यासाठीच वेगळं, रोज धुतलेलं. ते पूर्ण वाळलं नसेल तरी इथे बिघडत नाही, कारण पाणी पुढे उकळणारच आहे. उकळल्यावर मात्र काही गाळायचं नाही. पांढरा साका तळाशी राहील, राहू द्या. तो क्षाराचा असतो, त्याने जुलाब होत नाहीत. तळाचं दोन बोटं पाणी झाडांना घालायचं.

मग उकळायची वेळ बदलली. आजीनं गार पाणी का मिसळलं? सकाळी उकळलं आणि लगेच प्यायला हवं होतं म्हणून. झाकलेलं दहा लिटरचं पातेलं निवायला चार-पाच तास सहज घेतं. म्हणून रात्री जेवणं झाली, शेगडी मोकळी झाली की उकळायचं, झाकण तसंच ठेवायचं आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. शेवटच्या मिनिटाला झाकण पातेल्यावरच असू द्या, म्हणजे वाफेनं झाकणाची आतली बाजू आणि पातेल्याची कडही तापून निघते. सकाळी झाकण काढलंच तर ते उताणं ठेवायचं. एवढीशी गोष्ट आहे, पण सुनेला सवय लागायला दोन आठवडे गेले.

आता माठ. इथे मी हरले, म्हणजे अर्धी हरले. माझं म्हणणं होतं की पावसाळ्याचे चार महिने माठ बाजूला ठेवा आणि उकळलं त्याच पातेल्यातून पाणी घ्या, भांडं बदलायचंच नाही. आजी म्हणाल्या, "माठाशिवाय पाणी गोड लागत नाही." मग तडजोड झाली. घरात तोटीचं स्टीलचं पिंप होतं, लग्नकार्यात तेवढं बाहेर निघायचं. ते आतून घासून, उकळतं पाणी फिरवून विसळलं, तोटीतूनही ते पाणी जाऊ दिलं. तोटीत बुळबुळीत थर साठतो, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. मुलांचं पाणी पिंपातून. आजीचा माठ आजीपुरता, पण तोही रोज रिकामा करून आतून नारळाच्या शेंडीनं घासायचा आणि उकळत्या पाण्यानं विसळायचा. साबण नाही, माठ तो पिऊन घेतो. आत बोटं बुडू नयेत म्हणून लांब दांड्याचं ओगराळं आलं, तेही खिळ्याला टांगलेलं, माठावर आडवं ठेवलेलं नाही.

ज्यांच्याकडे पिंप नाही त्यांनी काळजी करू नये. झाकणाचं पातेलं आणि एक ओगराळं एवढ्यात काम होतं. उकळलेलं पाणी दुसऱ्या दिवशी संपवा, उरलं तर भांडी घासायला घ्या. शिळ्यावर नवं ओतू नका.

गॅस खरोखरच परवडत नसेल तर तेही सांगून टाका, लाजू नका. तुमच्या भागातल्या आशाताईकडे किंवा दवाखान्यात क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावण मिळतं का ते विचारा. किती लिटरला किती घालायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं, तसंच घाला, अंदाजानं नाही. अर्धा तास थांबा, मग प्या. पाणी गढूळ असेल तर आधी निवळून घ्या, नाहीतर सगळं क्लोरीन चिखलच खाऊन टाकतो. पेल्याला किंचित वास आला पाहिजे. वास आवडत नाही म्हणून लोक गोळी अर्धी करतात, ते करू नका. काही चिवट परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, ते उकळण्यानं मरतात. म्हणून दोन्हीपैकी निवडायची वेळ आलीच, तर मी लहान मुलांसाठी आणि आजाऱ्यासाठी उकळलेलं ठेवते आणि मोठ्यांना क्लोरीनचं देते.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र पाणीच नको, उकळलेलंही नको. आईचं दूध पुरतं. दर पावसाळ्यात मला एक तरी घर सापडतं जिथे बाळाला चमच्यानं "उकळलेलंच" पाणी पाजत असतात.

उकळून काय होत नाही, तेही सांगते. पाणी जंतूंपासून सुटतं, रसायनांपासून नाही. बोअरच्या पाण्यात नायट्रेट असेल तर उकळल्यावर पाणी आटतं आणि तेच नायट्रेट जरा दाट होतं. टँकरच्या पाण्याला तेलाचा, औषधाचा वास येत असेल तर ते उकळत बसू नका, पिऊच नका.

आता राहिला नळ, ज्याची बाटली पहिल्याच दिवशी काळी पडली होती. धरणातून आलेलं पाणी जलकेंद्रात शुद्ध होतं, क्लोरीन घालून सोडलं जातं. मग घरात काळं का? आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पाणी जातं तेव्हा पाइपमधला दाब पडतो, आणि पाइपला कुठे बारीक भेग असेल तर शेजारच्या गटारातलं, साठलेल्या डबक्यातलं पाणी आत ओढलं जातं. पावसाळ्यात डबकी पाइपच्या अंगाला लागूनच असतात. पाणी परत आलं की हे सगळं पहिल्या धारेत तुमच्या हंड्यात येतं. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली असेल तर ती गटारच उपसते म्हणा ना. म्हणून पाणी आलं की पहिली पाच-दहा मिनिटं प्यायचं भरू नका. ते धुण्याला, मोरीला घ्या, स्वच्छ धार लागली की प्यायचं भरा. सकाळची घाई मला माहीत आहे, एकाच नळावर दहा घरं असतात. तरी हंडे लावायचा क्रम बदलता येतो: आधी धुण्याची बादली, प्यायचा हंडा शेवटी.

2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा अनेकांनी पहिल्यांदा पातेली शेगडीवर चढवली. काही रुग्णांच्या तपासणीत सापडलेला कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू आधणाच्या खूप आधी मरतो. पण तो अर्धवट शिजलेल्या कोंबडीतही असतो, आणि ती चिरलेल्या पाटीवर तुम्ही कोथिंबीर चिरलीत तर पाणी उकळून काही उपयोग नाही. कोथिंबीर, काकडी धुवायलाही तेच उकळलेलं पाणी वापरा.

धाकट्याला पुन्हा जुलाब झाले तर ओआरएसची पुडी फोडा. मोठी पुडी एक लिटरची असते, छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून किती पाण्याला ते पुडीवर वाचूनच घ्या. उकळून गार केलेल्या पाण्यात करा, चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं, शौचात रक्त दिसलं किंवा पाजलेलं सगळं उलटून पडू लागलं तर वाट बघू नका, दवाखाना गाठा.

तीन आठवड्यांनी मी त्या घरी पुन्हा तीन बाटल्या भरल्या. या वेळी तिसरी पिंपाच्या तोटीची. दोन दिवसांनी पातेल्याची आणि पिंपाची बाटली जशीच्या तशी होती. अशी बाटली सगळ्या जंतूंची हमी देत नाही, विषाणू तिला कळत नाहीत, पण माठाच्या काळ्या बाटलीनंतर ते बघायला बरं वाटलं. आजीनं न सांगता आपल्या माठातलं पाणी आणून दिलं, "माझंही तपास." माझ्याकडे एकच बाटली उरली होती, ती भरली. नळाची मात्र पुन्हा काळी पडली. गल्लीच्या तोंडाशी गटाराखालून गेलेल्या पाइपची लेखी तक्रार आम्ही केली, वस्तीतल्या एकवीस जणांच्या सह्यांनी. खड्डा खणला गेला तो गणपती झाल्यावर. तोपर्यंत सून रात्री जेवणं झाली की पातेलं चढवत होती.